घरच्या धंद्यातला आर्बिट्रेशन क्लॉज : या चुका टाळा, नाहीतर भांडण कोर्टातच अडकेल

भागीदारी पत्रात, म्हणजे डीडमध्ये, आर्बिट्रेशनचा क्लॉज आहे म्हणजे भांडण आपोआप आर्बिट्रेटरकडे, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या लवादाकडे, जाणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नसतं. समोरच्याने दिवाणी कोर्टात दावा ठोकला की कोर्ट तो चालवायला घेतं, स्वतःहून कागद चाळून "अहो तुमच्यात लवादाचा करार आहे" असं जज सांगत बसत नाहीत. 1996 च्या आर्बिट्रेशन कायद्यातलं कलम 8 म्हणतं की ज्याला आर्बिट्रेशन हवंय त्याने अर्ज करायचा, आणि तोही वेळेत.

समजा सांगलीच्या मार्केट यार्डात तिघा भावांची हळदीची अडत आहे. हिशोब थोरला बघतो. धाकट्याला वाटतं पैसे इकडचे तिकडे होतायत, तो हिशोब मागण्याचा दावा लावतो आणि सोबत मनाई हुकुमाचा अर्जही टाकतो. थोरल्याला समन्स येतं, तो वकिलाकडे धावतो आणि दोघं मिळून पंधरा पानी कैफियत तयार करतात, प्रत्येक आरोपाला उत्तर, धाकट्याची जुनी उधारी, सगळं. शेवटच्या पॅरात एक ओळ, की डीडमध्ये आर्बिट्रेशन क्लॉज आहे. इथेच गाडी चुकते.

कलम 8 चा अर्ज वादाच्या मुद्द्यांवर तुमचं पहिलं म्हणणं दाखल करायच्या आधी किंवा फार तर त्याच दिवशी द्यावा लागतो. आधी कैफियत दिली आणि चार तारखांनी क्लॉज आठवला तर तुम्ही कोर्टाचा मार्ग स्वीकारला असं धरलं जातं. कैफियतीत एक ओळ टाकली की झालं, या भरवशावरही राहू नका, त्यावरूनच पुढे वाद होतो. वेगळा अर्ज द्या, आधी द्या. मनाई हुकुमाला मात्र घाबरून गप्प बसायची गरज नाही. अंतरिम अर्जाला विरोध केला म्हणजे आर्बिट्रेशनचा हक्क सोडला असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2006 मध्येच राष्ट्रीय इस्पातच्या केसमध्ये सांगितलंय. फक्त त्या उत्तरात लिहून ठेवा की हे अंतरिम अर्जापुरतं आहे आणि कलम 8 चा हक्क राखून ठेवलाय.

अर्जासोबत मूळ डीड किंवा सर्टिफाइड कॉपी लागते. घरच्या धंद्यात मूळ कागद नेमका भांडणाऱ्या भावाच्या कपाटात असतो. मग अर्जाला साधी झेरॉक्स जोडायची आणि समोरच्याला मूळ कागद हजर करायला सांगा अशी वेगळी विनंती कोर्टाला करायची, कायद्यात तशी सोय आहे. डीडला स्टॅम्प कमी आहे म्हणूनही आता इथे अडवता येत नाही, डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात जजांच्या बेंचने तो प्रश्न आर्बिट्रेटरवर सोडला. स्टॅम्प ड्युटी माफ झाली असा अर्थ मात्र काढू नका, ती आणि दंड भरावाच लागतो.

आता मुळात क्लॉजच कच्चा असेल तर? हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण लिहिताना अर्धा तास जास्त दिला असता तर टळलं असतं. सुप्रीम कोर्टापुढे 2007 मध्ये जगदीश चंदर केसमध्ये असंच एक भागीदारी पत्र आलं, त्यात साधारण असं लिहिलेलं की वाद आपसात मिटवायचा, किंवा पक्षांनी तसं ठरवलं तर आर्बिट्रेशनला द्यायचा. कोर्ट म्हणालं हा आर्बिट्रेशनचा करारच नाही, कारण पुढे पुन्हा सगळ्यांनी हो म्हणायला हवं. भांडण झाल्यावर कोण हो म्हणतंय! आपल्याकडच्या टाइप केलेल्या डीडमध्ये "घरातील वडीलधारे सांगतील तसे" किंवा "गरज वाटल्यास लवाद नेमता येईल" असली वाक्यं सर्रास असतात, त्यांची गत तीच. वाक्य असं हवं की या भागीदारीतून किंवा तिच्या संदर्भात, ती संपल्यावरसुद्धा, जो वाद होईल तो एका आर्बिट्रेटरकडे सोपवला जाईल आणि त्याचा निर्णय सर्वांना बंधनकारक राहील, ठिकाण सांगली.

आणि आर्बिट्रेटर म्हणून वडिलांचं, सख्ख्या भावाचं किंवा घरच्या सीएचं नाव लिहून ठेवू नका. 2015 च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या सातव्या शेड्युलमध्ये अपात्र लोकांची यादीच आहे, पक्षाचे जवळचे कुटुंबीय त्यात येतात आणि पक्षाचा सल्लागार किंवा ज्याचा त्याच्याशी व्यावसायिक संबंध आहे असा माणूसही. वाद उभा राहिल्यानंतर सगळ्यांनी लेखी सांगितलं की आम्हाला हाच माणूस चालेल तरच तो चालतो. "थोरले ठरवतील तो" हेही टिकत नाही, एकाच पक्षाने एकट्याने एकमेव आर्बिट्रेटर नेमणं 2019 पासून बाद धरलं जातं.

बरं, क्लॉज पक्का, अर्ज वेळेत, तरी धाकटा म्हणतो की "इथे फ्रॉड झालाय, हे कोर्टानेच बघायला हवं." इथे अय्यासामीचा 2016 चा निकाल माहीत हवा, तोही भावाभावांचाच. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला कुटुंबाचं भागीदारीतलं हॉटेल, वडील गेल्यावर कारभार थोरल्याकडे. बाकीच्यांनी 2012 मध्ये दावा लावला की रोजचा गल्ला बँकेत भरत नाही आणि आम्हाला न विचारता स्वतःच्या मुलाच्या नावाने सुमारे 10 लाखांचा चेक काढला. थोरल्याने कलम 8 चा अर्ज केला, खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने फ्रॉडचं कारण देत तो फेटाळला. सुप्रीम कोर्टाने उलट सांगितलं, हा शेवटी हिशोबाचाच वाद आहे, आर्बिट्रेटर बघू शकतो. नुसता फ्रॉड शब्द लिहून सुटका नाही. आर्बिट्रेशनचा करारच फसवून किंवा खोट्या सहीने झाला असेल, किंवा प्रकरण घराबाहेर जाऊन लोकांच्या पैशाला भिडत असेल तर गोष्ट वेगळी. पण बघा ना, भांडायचं कुठे हे ठरायलाच चार वर्षं गेली.

एक मर्यादा मात्र खरी आहे. क्लॉज अडतीच्या डीडमध्ये आहे, गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीला तो लागू होत नाही, आणि ज्या बहिणींनी डीडवर सहीच केली नाही त्यांना जमिनीच्या वाटपासाठी तुम्ही त्याच्या जोरावर ओढू शकत नाही. भागीदार वारला तर त्याच्या जागी आलेले वारस मात्र त्याच्या भागीदारीतल्या हक्कापुरते क्लॉजला बांधील राहतात, कलम 40 आहे.

अर्ज मंजूर झाला की लोक पेढे वाटतात आणि घरी बसतात. पण कलम 8 मध्ये कोर्ट फक्त पाठवतं, आर्बिट्रेटर सहसा नेमून देत नाही. धाकट्याने नाव मान्य केलं नाही तर थोरल्याने किंवा मधल्याने, ज्याला घाई आहे त्याने, कलम 21 ची नोटीस पाठवायची, वाद काय आणि कोणाचं नाव सुचवतोय ते त्यात लिहायचं, आणि 30 दिवसांत जमलं नाही तर कलम 11 खाली हायकोर्टात जायचं. अर्ज फेटाळला गेला तर कलम 37 खाली अपील आहे, मंजूर झाला तर त्यावर तसं अपील नाही, म्हणून धाकट्यानेही आपला विरोध पहिल्याच कोर्टात नीट मांडलेला बरा. आणि दावा संपला की त्यातला मनाई हुकूमही सहसा सोबत जातो, त्यामुळे ज्याला माल किंवा बँक खातं गोठवून हवंय त्याने कलम 9 चा वेगळा अर्ज तयार ठेवायचा, आणि तो हुकूम आर्बिट्रेशन सुरू व्हायच्या आधी मिळाला तर 90 दिवसांत आर्बिट्रेशन सुरू करायचं.