फोन भरत आला की चार्जर का गुणगुणतो?

रात्री फोन ९५ टक्क्यांवर आला की चार्जरमधून बारीक ‘चीं’ ऐकू येते. एरवी त्यातला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला हजारो वेळा, कानाला न ऐकू येणाऱ्या वेगाने थरथरत असतो. फोनची मागणी घटली की चार्जर थांबून थांबून वीज देतो आणि ती थरथर ऐकू येऊ लागते. कान जवळ नेल्यावरच येणारा, फोन काढताच बदलणारा असा बारीक आवाज अगदी नेहमीचा आहे.

‘तडतड’ मात्र वेगळी. ती आली तर आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग दुसरा सॉकेट वापरून पाहा. तिथे शांतता असेल तर पहिला सॉकेट सैल आहे, इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. तिथेही तडतड, जळका वास किंवा हात ठेववणार नाही इतकी उष्णता असेल, तर तो चार्जर पुन्हा लावू नका.