यूपीएससीची मुलाखत: तारीख कशी बघायची, गुण कसे मिळवायचे

मेन्सच्या, म्हणजे मुख्य लेखी परीक्षेच्या यादीत रोल नंबर आला की डॅफ-२ हा सविस्तर अर्ज मुदतीत भरा. त्यानंतर आयोग मुलाखतींचं वेळापत्रक टप्प्याटप्प्यानं लावतो. त्यात आपल्या रोल नंबरसमोर तारीख आणि सत्र बघायचं. सकाळच्या सत्राला ९ वाजता आणि दुपारच्या सत्राला १ वाजता दिल्लीत धौलपूर हाऊसला हजर व्हायचं. ई-समन, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं असलेलं पत्र डाउनलोड करून घ्या. तारीख बदलून मिळेल, या भरवशावर घरातलं कार्य त्या आठवड्यात ठरवू नका, कारण अशी विनंती सहसा मान्य होत नाही.

आता गुणांकडे येऊ. इथं मी स्वतः वर्षभर चुकीचा हिशोब करत बसलो होतो. एका मार्गदर्शकांनी सांगितलं होतं की लेखीची टक्केवारी आणि मुलाखतीची टक्केवारी यांची सरासरी काढायची. हे साफ चूक आहे. टक्केवारी कुठेच येत नाही. लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५, आणि त्यात तुमचे गुण सरळ एकाखाली एक मांडून बेरीज. पूर्वपरीक्षेचे गुण यात नसतात. भाषेचे दोन पेपर फक्त पास व्हायचे असतात. मुलाखतीत किमान गुणांची अट नाही.

दुसरी चुकीची समजूत म्हणजे ‘२७५ म्हणजे साडेतेरा टक्के, त्यानं काय फरक पडतो?’ २०२३ च्या परीक्षेचे खुल्या गटाचे आकडे घ्या. मेन्सचा कटऑफ ७४१, अंतिम कटऑफ ९५३. म्हणजे ७४१ वर काठावर आत आलेल्याला मुलाखतीत २१२ गुण लागत होते, २७५ पैकी ७७ टक्के. तेच लेखीत ७७० असतील तर १८३ पुरतात. लेखीतला २९ गुणांचा फरक मुलाखतीच्या खोलीत एवढा जड होतो. म्हणून ‘मेन्स निघाली, आता सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. लेखीचे गुण पुसले जात नाहीत, ते शेवटपर्यंत तुमच्याबरोबर येतात. उलट बाजूही खरी आहे. काठावर बरेच जण एकमेकांच्या दोन-चार गुणांत असतात, आणि तिथं मुलाखतीतले वीस गुण सगळा क्रम फिरवतात.

तुमचे लेखीचे गुण मुलाखतीआधी कळत नाहीत आणि मंडळालाही ते दाखवले जात नाहीत. म्हणून ‘मला किती लागतील’ असा अंदाज बांधत रात्री जागू नका. अंतिम निकालानंतर गुणपत्रक आलं की वरची बेरीज करून बघा.

दोघांची बेरीज सारखी आली तर अनिवार्य पेपर आणि मुलाखत यांचे एकत्रित गुण ज्याचे जास्त, तो वर. तेही सारखे असतील तर वयानं मोठा असलेला वर.