शून्याखालील तापमानांची सरासरी कशी काढावी आणि ऋण सरासरीचा अर्थ कसा लावावा

रोजच्या तापमानाची सरासरी काढणे म्हणजे सर्व आकडे मिळवून दिवसांच्या संख्येने भागणे, एवढेच गणित आहे. मात्र त्या आकड्यांत उणे चिन्ह शिरले की दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला घोळ बेरजेत होतो आणि तो पडताळणीने पकडता येतो. दुसरा घोळ उत्तर हाती आल्यानंतर होतो, कारण सरासरी उणे आली की तो काळ सलग गोठलेला होता असे वाचणारा सहज धरून चालतो. या लेखात एकाच आठवड्याच्या आकड्यांवर दोन्ही गोष्टी पाहू.

आठवड्याची दैनिक सरासरी तापमाने अंश सेल्सिअसमध्ये अशी आहेत असे समजा: सोमवार −४.२, मंगळवार −१.५, बुधवार ०.८, गुरुवार ३.१, शुक्रवार ०.०, शनिवार −६.३ आणि रविवार −२.७.

पहिली पायरी: दिवसाचा आकडा कोठून आला ते पाहा

दैनिक सरासरी अनेकदा दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनने भागून काढतात. काही ठिकाणी दर तासाच्या नोंदींची सरासरी घेतात. दोन्ही पद्धतींची उत्तरे जवळपास असली तरी ती नेमकी सारखी येतीलच असे नाही, म्हणून एका तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळू नयेत. आपल्या सोमवारी कमाल तापमान १.० आणि किमान −९.४ होते. यांची बेरीज करताना १.० मधून ९.४ वजा होतात आणि −८.४ उरतात, त्याचे निम्मे −४.२. म्हणजे ज्या दिवसाचा आकडा −४.२ असा दिसतो, त्या दिवशीही पारा काही काळ शून्याच्या वर गेलेला होता. ही गोष्ट पुढे अर्थ लावताना लागणार आहे.

दुसरी पायरी: धन आणि ऋण आकड्यांची बेरीज वेगवेगळी करा

एकामागून एक आकडा मिळवत गेल्यास चिन्ह हुकण्याची शक्यता प्रत्येक टप्प्यावर असते, म्हणून आधी दोन गट करणे सोयीचे. ऋण आकडे चिन्ह बाजूला ठेवून मिळवा: ४.२, १.५, ६.३ आणि २.७ यांची बेरीज १४.७ होते. धन आकडे ०.८ आणि ३.१ मिळून ३.९ होतात. मोठ्या बेरजेतून लहान बेरीज वजा केली की १०.८ उरतात, आणि मोठी बेरीज ऋण गटाची असल्यामुळे एकूण बेरीज −१०.८ येते.

शुक्रवारचे शून्य या बेरजेत दिसत नाही, आणि नेमके म्हणूनच ते पुढच्या पायरीत विसरले जाते.

तिसरी पायरी: सर्व दिवसांच्या संख्येने भागा

दिवस सात आहेत, म्हणून −१०.८ ला ७ ने भागायचे. उत्तर −१.५४२८… असे येते आणि एका दशांश स्थळापर्यंत ते −१.५ अंश होते. शून्य अंशाचा दिवस काही दिलेच नाही असे समजून सहाने भागले तर −१.८ येते, आणि ते चूक आहे. शून्य अंश ही नोंद आहे, नोंदीचा अभाव नव्हे. चिन्हे विसरून सगळे आकडे मिळवले तर बेरीज १८.६ आणि सरासरी २.७ अशी येते. ही चूक मात्र लगेच ओळखू येते, कारण सातपैकी सहा दिवसांचे तापमान या उत्तराहून कमी आहे.

पूर्णांकन करताना ऋण आकड्याची दिशा सांभाळावी. −१.५४ च्या सर्वांत जवळचा एका दशांश स्थळाचा आकडा −१.५ आहे, तर −१.५७ चा −१.६. नुसते पुढचे अंक कापून टाकले, तर −१.५७ चे −१.५ होते; म्हणजे ऋण आकडे नेहमी शून्याकडे सरकतात आणि सरासरी खऱ्याहून थोडी उबदार दिसू लागते. सरासरी −०.०४ असेल तर काही संगणकीय साधने ती −०.० अशी दाखवतात. तेथे उणे चिन्ह काढून ०.० लिहिलेले बरे.

चौथी पायरी: दुसऱ्या वाटेने पडताळा घ्या

उणे चिन्हांची भीती वाटत असेल, तर सर्व आकड्यांत सारखीच रक्कम मिळवून ती नंतर काढून घेता येते. येथे प्रत्येक दिवसात १० मिळवू: ५.८, ८.५, १०.८, १३.१, १०.०, ३.७ आणि ७.३. आता एकही आकडा ऋण नाही. बेरीज ५९.२, सातने भागून ८.४६, आणि त्यातून मिळवलेले १० परत काढले की −१.५४. उत्तर जुळले. ही केवळ हिशेबाची युक्ती नाही, तर सरासरीच्या दृष्टीने शून्य ही मोजपट्टीवरची इतरांसारखीच एक खूण आहे, हेही यातून दिसते.

आणखी एक तपासणी बेरीज न करताही होते: सरासरी कधीही सर्वांत कमी आकड्याच्या खाली किंवा सर्वांत जास्त आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. येथे ती −६.३ आणि ३.१ यांच्या मध्येच असली पाहिजे.

स्प्रेडशीटमध्ये काय फसते

संगणकावर काम सोपे होते, पण चुका अधिक गुपचूप होतात. आकडे B2 ते B8 या चौकटींत असतील तर ही चार सूत्रे एकत्र वापरावीत:

```
=AVERAGE(B2:B8)
=COUNT(B2:B8)
=MIN(B2:B8)
=COUNTIF(B2:B8,"<0")
```

पहिले सूत्र सरासरी देते. उरलेली तीन तिच्यावर पहारा ठेवतात. `COUNT` चे उत्तर ७ आलेच पाहिजे. एखाद्या वेब पानावरून किंवा छापील मजकुरातून आकडे उचलताना उणे चिन्ह कीबोर्डवरच्या आडव्या रेघेऐवजी वेगळ्या, थोड्या लांब चिन्हाच्या रूपात येऊ शकते. अशी चौकट डोळ्यांना आकडा दिसते, पण स्प्रेडशीट तिला बहुधा मजकूर समजते आणि `AVERAGE` ती काही न सांगता वगळते. शनिवारचा −६.३ असा वगळला गेला तर उरलेल्या सहा दिवसांची सरासरी −०.७५ येते. उत्तर पूर्णपणे पटण्याजोगे असते, म्हणूनच ते धोक्याचे. येथे फक्त ऋण आकडेच गळतात, त्यामुळे चूक बहुधा एकाच दिशेने, उबदार बाजूला होते.

नोंदच नसलेल्या दिवसाचे तीन प्रकार दिसतात. चौकट रिकामी असेल तर `AVERAGE` तिला मोजत नाही, आणि ते योग्यच आहे. कोणी तेथे ० भरला असेल तर तो खरा शून्य अंश मानला जातो. थंडीच्या आकड्यांत ही चूक लपून राहते, कारण ० हे तापमान तेथे सहज शक्य असते. तिसरा प्रकार खुणेच्या आकड्यांचा. हवामानाच्या काही संचांत नोंद नसल्याचे दाखवायला −९९९९ किंवा −९९.९ असा आकडा लिहितात. शनिवारी −९९९९ राहून गेला तर सरासरी −१४२९ च्या आसपास येते आणि चूक ओरडून सांगते. मात्र −९९.९ राहिला तर सरासरी −१४.९ येते, आणि कडक हिवाळ्याच्या तक्त्यात ती कोणाच्या डोळ्यांवर येणारही नाही. म्हणून सरासरीच्या आधी `MIN` पाहावे.

पाचवी पायरी: ऋण सरासरीचा अर्थ लावा

−१.५ ही सरासरी एवढेच सांगते की आठवड्यातले शून्याखालचे अंश शून्यावरच्या अंशांपेक्षा भारी ठरले: एका बाजूला १४.७, दुसऱ्या बाजूला ३.९. किती दिवस शून्याखाली होते हे तिला माहीत नसते. आपल्या आठवड्यात असे दिवस चार होते, एक नेमका शून्यावर होता आणि दोन वर. पण सहा दिवस १.० अंश आणि सातव्या दिवशी −१६.८ अशी थंडीची लाट आली असती, तरी बेरीज −१०.८ आणि सरासरी तीच आली असती, जरी शून्याखालचा दिवस एकच असता. म्हणून ऋण सरासरीसोबत शून्याखालच्या दिवसांची संख्या आणि किमान आकडा द्यावा, नाहीतर वाचणारा आपल्या मनाने आठवडा रचतो.

येथे पाण्याचा प्रश्न येतो. गणिताला शून्य विशेष नाही, पण पाण्याला आहे: बर्फ शून्याच्या वर वितळू लागतो, आणि दैनिक सरासरी उणे असली तरी दुपारी कमाल तापमान शून्यावर गेले की ते वितळणे होऊ शकते. सोमवारी −४.२ सरासरी असूनही तसे घडण्यास वाव होता. तळ्यावर बर्फ किती जमला असेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर साध्या सरासरीपेक्षा शून्याखालच्या अंशांची दिवसागणिक बेरीज, म्हणजे येथे १४.७, अधिक उपयोगी पडते. बर्फाची जाडी साधारणपणे या बेरजेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून बेरीज चौपट झाली की जाडी सुमारे दुप्पट होते. वारा आणि बर्फावरचा हिमाचा थर यांमुळे हा अंदाज बराच बदलतो.

दोन ऋण सरासऱ्यांची तुलना वजाबाकीने करावी, गुणोत्तराने नव्हे. एका आठवड्याची सरासरी −१.५ आणि दुसऱ्याची −३.० असेल, तर दुसरा आठवडा १.५ अंशांनी थंड होता. तो दुप्पट थंड होता असे म्हणता येत नाही. हेच आकडे फॅरनहाइटमध्ये २९.३ आणि २६.६ होतात, तेथे उणे चिन्हही नाही आणि दुपटीचा मागमूसही नाही. शेकडा वाढ किंवा घट सांगण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

शेवटी, बातम्यांत किंवा अहवालांत −१.५ दिसला तर तो तापमान आहे की विचलन, हे आधी पाहावे. विचलन म्हणजे दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक, −१.५ विचलन असलेला महिना २० अंशांचाही असू शकतो, फक्त त्याची नेहमीची सरासरी २१.५ असली पाहिजे. तेथील उणे चिन्हाचा गोठणाशी काहीही संबंध नसतो.