रेकॉर्डिंगला नाही म्हटलं, आणि तिथेच फसले

पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि तिसऱ्याच दिवशी एका पत्रकाराचा ईमेल आला. मोजून चार ओळी. ‘तुमच्या बियाण्यांच्या कामाबद्दल बोलायचं आहे, उद्या दहा-पंधरा मिनिटं फोनवर मिळतील का?’ आनंदाच्या भरात मी लगेच ‘हो, नक्की’ असं उत्तर पाठवलं. त्या दोन शब्दांत मी किती गोष्टी सोडून दिल्या, हे पुढचे दोन आठवडे मला कळत गेलं. तुमचंही पहिलं काम आता बाहेर येणार असेल, तर असा ईमेल आल्यावर नेमकं काय ठरवून घ्यायचं ते सांगते.

आधी माझी चूक, कारण ती सगळ्यांना सावधगिरी वाटते. फोनच्या सुरुवातीलाच त्या पत्रकार म्हणाल्या, “रेकॉर्ड केलं तर चालेल ना?” माझ्या वरिष्ठांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की रेकॉर्ड अजिबात करू द्यायचं नाही, उद्या तेच आपल्या अंगाशी येतं. म्हणून मी नाही म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. “बरं, मग मी लिहून घेते,” म्हणाल्या आणि प्रश्न सुरू झाले.

आमचं काम असं होतं. पेरणीपूर्वी बियाणं ठराविक वेळ पाण्यात भिजवून पुन्हा सुकवलं, तर उगवण किती लवकर होते ते आम्ही मोजलं होतं. उगवण लवकर झाली. पण पीक काढणीपर्यंत आम्ही गेलोच नव्हतो. बियाणं ट्रेमध्ये उगवलं, आम्ही मोजलं, प्रयोग संपला. मी फोनवर म्हणाले, “उगवण लवकर होते हे दिसलं. त्यामुळे उत्पन्न वाढतं का, हे आम्ही मोजलेलं नाही.” छापून आलं ते असं: ‘उगवण लवकर होते, त्यामुळे उत्पन्न वाढतं.’ माझ्या नावासकट, अवतरणचिन्हांत.

मी घाबरून फोन केला. त्यांनी खरोखर चांगुलपणाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिरक्या, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘उगवण लवकर – त्यामुळे उत्पन्न वाढतं’, आणि पुढे पेन घसरल्यासारखी एक रेघ. तेवढ्यात मी पुढच्या वाक्यावर गेले होते. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘मोजलेलं नाही’ हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले तेव्हा त्यांचा हात अजून ‘वाढतं’वर होता. त्यांनी काही बनवलं नव्हतं. बोलण्याचा वेग हाताच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त असतो, एवढंच. दुरुस्ती मागायला मी उभी राहिले तेव्हा माझ्याकडे काय होतं? काहीच नाही. त्यांच्याकडे निदान वही होती. माझ्याकडे फक्त ‘मी असं म्हणाले नव्हते’ एवढं वाक्य, आणि ते वाक्य संपादकांच्या कानावर रोज पडत असतं. शोधनिबंधातला ‘मर्यादा’ हा भाग दाखवल्यावर आठ दिवसांनी ऑनलाइन बातमीत दुरुस्ती झाली. तोवर ते वाक्य चार ठिकाणी उचललं गेलं होतं.

म्हणून पुन्हा सांगते, कारण हा सल्ला अजूनही दिला जातो. रेकॉर्डिंगला नकार दिल्याने तुमचं बोलणं छापायचं थांबत नाही. नकार दिल्याने फक्त अचूक नोंद नाहीशी होते. नोंदच नको असेल तर मुलाखतच देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण मुलाखत देणार असाल तर रेकॉर्डिंग तुमच्याही बाजूचं असतं. माझ्या वरिष्ठांचा हेतू चांगलाच होता, तरी त्यांनी स्वतः आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नव्हती, हे मला नंतर विचारल्यावर कळलं. सल्ला घ्यायचा तर ज्याचं बोलणं छापून आलंय अशा माणसाचा घ्या, मग तो तुमच्यापेक्षा वयाने लहान का असेना.

आता रेकॉर्डिंगला हो म्हणताना दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, हे रेकॉर्डिंग फक्त टिपणांसाठी आहे की आवाज कुठे ऐकवलाही जाणार आहे? पॉडकास्ट किंवा बुलेटिनसाठी तुमचा आवाज वापरणं ही वेगळी परवानगी आहे आणि ती वेगळी मागितली गेली पाहिजे. मला स्वतःचा आवाज प्रसारित व्हायला नको असतो, म्हणून मी ‘टिपणांसाठी जरूर करा, प्रसारणासाठी नको’ असं लिहूनच पाठवते. दुसरी, मीही माझ्या बाजूने रेकॉर्ड करणार आहे, हे सांगून टाकायचं. सांगून, लपवून नव्हे. कायदा सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार संभाषणातल्या एकाची संमती पुरते, तर कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सगळ्यांची लागते. पत्रकार दुसऱ्या देशातून फोन करत असेल तर कुठला नियम लागू होईल याचा घोळ घालत बसण्यापेक्षा दोघांनी सुरुवातीलाच मोठ्याने ‘हो’ म्हणावं आणि ते ‘हो’ही रेकॉर्डिंगमध्ये असावं. एकाही पत्रकाराने मला यावर आजवर हरकत घेतलेली नाही.

वेळेचं गणित त्या मानाने सोपं आहे. ‘कधी बोलायचं’ याआधी ‘तुमची डेडलाइन कधीची आहे’ हे विचारा. बातमी आज संध्याकाळी जाणार असेल तर ‘पुढच्या आठवड्यात बोलू’ हा नकारच असतो, आणि मग तुमच्याऐवजी दुसरं कोणीतरी तुमच्या कामावर बोलतं. लेख महिनाभराने येणार असेल तर धावपळ करायची गरजच नाही. तासाभरात निदान एवढं तरी उत्तर द्या की ‘ईमेल मिळाला, डेडलाइन कळवा’. आणि फोन अचानक आला तर? तिथल्या तिथे बोलायला लागू नका. “आत्ता बोलता येणार नाही, वीस मिनिटांनी मीच फोन करते,” एवढं म्हणणं पुरेसं आहे. त्या वीस मिनिटांत स्वतःची तीन वाक्यं कागदावर लिहा. काम अजून प्रसिद्ध व्हायचं असेल तर आधी नियतकालिकाचा एम्बार्गो, म्हणजे बातमी कधीपासून छापता येईल याची ठरलेली वेळ, तपासा. पत्रकाराला निबंध आधी मिळालेला असू शकतो, त्याच्याशी बोलायलाही बहुतेक वेळा हरकत नसते, पण ठरलेल्या तासापूर्वी काहीही प्रसिद्ध व्हायला नको. तो दिवस आणि तास, कुठल्या शहराच्या घड्याळाप्रमाणे हेही, उत्तरात लिहा.

विषयांबाबत नवखी माणसं एकतर काहीच मागत नाहीत, नाहीतर नको ते मागतात. प्रश्नांची संपूर्ण यादी आधी पाठवा, छापण्यापूर्वी लेख दाखवा, या दोन मागण्या बहुतेक ठिकाणी नाकारल्या जातात, कारण मुलाखत देणाऱ्याच्या हातात बातमी द्यायची नाही हा त्यांचा नियम असतो. तो योग्यच आहे असं मला वाटतं. त्याऐवजी बातमीचा रोख काय आहे आणि आणखी कोणाशी बोलताय, हे विचारा. याचं उत्तर सहसा मिळतं. आणि प्रकाशनापूर्वी माझ्या तोंडची वाक्यं आणि आकडे वाचून दाखवाल का, हेही विचारा. काही जण नाही म्हणतील, बरेच जण हो म्हणतात.

तुमच्या बाजूने काय बोलणार नाही ते आधीच लिहा. मात्र ‘हे विचारू नका’ असं लिहू नका. विचारायचं काय ते पत्रकार ठरवणार, उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही. माझ्या दुसऱ्या मुलाखतीआधी मी पाठवलेलं उत्तर जवळपास असं होतं:

‘नमस्कार. गुरुवारी दुपारी 3 ते 3.20 किंवा शुक्रवारी सकाळी 11 ते 11.20 बोलू शकते. डेडलाइन याआधी असेल तर कळवा. बियाणं भिजवण्याची पद्धत, उगवणीची मोजणी आणि प्रयोगाच्या मर्यादा यांवर बोलेन. उत्पन्न आणि बाजारातली उत्पादनं यांवर आमचं काम नाही, त्यावर विचारलंत तर तसं सांगेन. टिपणांसाठी रेकॉर्डिंगला माझी हरकत नाही, मीही करेन. आवाज प्रसारित करायचा असेल तर आधी विचारावं. माझ्या नावाने जाणारी वाक्यं वाचून दाखवता आली तर बरं होईल.’

एवढंच. हे ताठर वाटतं का, असं मी मैत्रिणीला तीनदा विचारलं होतं. पत्रकाराचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘गुरुवार चालेल. वाक्यं वाचून दाखवेन, लेख नाही.’

अनेक जण म्हणतात, एवढं सगळं कशाला, ईमेलवर उत्तरं लिहून मोकळं व्हावं. आकडे आणि शब्दांचं स्पेलिंग यांसाठी ईमेल उत्तम. पण लेखी उत्तरं आपण इतकी घासूनपुसून देतो की ती कोणालाच वापरावीशी वाटत नाहीत, आणि पत्रकाराचा गैरसमज झालाय हे आपल्याला समोरून ऐकू येत नाही. फोनवर ते पुढच्या प्रश्नातच कळतं.

एक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत. रेकॉर्डर बंद झाला म्हणजे ‘ऑफ द रेकॉर्ड’ सुरू झालं, असं नाही. ‘धन्यवाद, झालं’ म्हटल्यावर दरवाज्यापर्यंत किंवा फोन ठेवेपर्यंत जे बोलाल तेही छापता येतं. ‘ऑफ द रेकॉर्ड’ हा करार आहे. तो बोलण्याआधी व्हावा लागतो, दोघांनी मान्य करावा लागतो, आणि बोलून झाल्यावर मागे जाऊन लागू होत नाही. शिवाय त्या शब्दाचा अर्थ माणसागणिक बदलतो. कोणासाठी त्याचा अर्थ ‘छापणारच नाही’, तर कोणासाठी ‘छापेन, पण नाव देणार नाही’. म्हणून तो शब्द वापरण्याऐवजी साध्या भाषेत विचारा: “हे तुम्ही छापणार का? छापलंत तर माझं नाव किंवा माझी ओळख पटेल असं काही असेल का?” उत्तर ऐका, मगच बोला. नवख्या माणसाने हा मार्ग शक्यतो घेऊच नये असं माझं मत आहे. जे छापून आलेलं चालणार नाही, ते बोलायचंच नाही.

गुरुवारच्या मुलाखतीत उत्पन्नाचा प्रश्न आलाच. या वेळी मी नकार वाक्याच्या पुढे आणला. “नाही, उत्पन्न आम्ही मोजलं नाही. आम्ही फक्त उगवण मोजली,” असं म्हणून थांबले, पलीकडे टाइप केल्याचा आवाज थांबेपर्यंत. दोन दिवसांनी त्यांनी फोन करून तीन वाक्यं वाचून दाखवली. पहिल्या दोन वाक्यांत काही बदलायचं नव्हतं. तिसऱ्यात ‘शेतात’ असा शब्द आला होता, तो मी ‘ट्रेमध्ये’ असा करून घेतला.