नाकावरची पुटकुळी कुणाकुणाला दिसते? अंदाज बांधताना या चुका टाळा

नाकावर पुटकुळी आली की सकाळी आरशासमोरच दिवस बिघडतो. बसमध्ये, वर्गात, ऑफिसात समोरचा प्रत्येक जण तिच्याकडेच बघतोय असं वाटत राहतं. मानसशास्त्रात याला 'स्पॉटलाइट इफेक्ट' म्हणतात. त्रास पुटकुळीचा कमी आणि तिच्याबद्दल आपण बांधलेल्या चुकीच्या अंदाजाचाच जास्त असतो.

पहिली चूक म्हणजे 'मला माहीत आहे, म्हणजे त्यांनाही दिसतंय' असं धरून चालणं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली आणि 2000 साली ती प्रसिद्ध केली. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलो याचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचा. त्या वयाच्या मुलांना तो घालून फिरायची लाज वाटेल, असा. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं, थोड्याच वेळात बाहेर बोलवायचं आणि विचारायचं, शर्टावर कोण होतं हे किती जण सांगू शकतील? मुलांना वाटलं, जवळजवळ निम्मे. प्रत्यक्षात पावभागापेक्षाही कमी जणांना सांगता आलं. याच प्रसंगाचं चित्रीकरण ज्यांना नुसतं दाखवलं, त्यांचा अंदाज मात्र बराचसा बरोबर निघाला. त्यांच्या अंगावर तो शर्ट नव्हता, एवढाच फरक.

अंदाज बांधताना मन स्वतःच्या अनुभवापासून सुरुवात करतं. 'त्यांना माझ्याइतकं जाणवणार नाही' हे कळतं, म्हणून आकडा थोडा खाली आणतो, पण पुरेसा आणत नाही. शर्टाची थोडी सवय होऊ दिल्यावर खोलीत गेलेल्या मुलांचे अंदाज कमी आले होते. म्हणून आरशापासून नुकतेच दूर झाल्यावर 'आज जायचंच नाही' असा निर्णय घेऊ नका. त्या क्षणी अंदाज सर्वांत फुगलेला असतो.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: लोकांच्या नजरांना पुरावा मानणं. "अगं, ती माझ्या नाकाकडेच बघत होती" हे आपण शपथेवर सांगू. 1980 साली क्लेक आणि स्ट्रेंटा या संशोधकांनी सहभागींच्या चेहऱ्यावर मेकअपनं खोटा व्रण काढला, तो त्यांना आरशात दाखवला आणि मग क्रीम लावण्याच्या निमित्तानं गुपचूप पुसून टाकला. व्रण आहे अशा समजुतीतच ते अनोळखी माणसाशी बोलायला गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडलेली होती. चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं! माणसं बोलताना नजर हलवतातच. आपण शोधत असतो, म्हणून आपल्याला त्यात अर्थ सापडतो.

लपवालपवीचंही असंच. सतत नाकावर हात नेला की समोरच्याची नजर हाताबरोबर तिथे जाते. शिवाय कुणी काही बोललं नाही, तर त्याचं श्रेय मन हाताला देतं आणि अंदाज चुकीचा होता हे कळतच नाही.

आता पडताळणी. माझ्या भाचीला कॉलेजात प्रेझेंटेशन होतं आणि नेमकी नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी. तिला मी आधी आकडा लिहून ठेवायला सांगितला, कारण नंतर तो आठवणीत बदलतो. तिनं लिहिलं, सहापैकी चार मैत्रिणींच्या लक्षात येईल. विचारण्यातही एक चूक होते. "माझी पुटकुळी दिसली का गं?" असं विचारलं, की समोरची व्यक्ती आत्ता बघते आणि हो म्हणते, किंवा आपलं मन राखायला नाही म्हणते. दोन्ही उत्तरं निकामी. भाचीनं दुसऱ्या दिवशी एकेकीला वेगळं गाठून एवढंच विचारलं, "काल मी कशी दिसत होते, काय आठवतंय?" चौघींना कुर्त्याचा रंगही धड आठवेना. एक म्हणाली, तू फार भरभर बोललीस. एकीनं पुटकुळीचं नाव घेतलं. चारचा अंदाज, निघाली एक. ती एक होती, हेही खरंच. कुणालाच काही दिसत नाही, असं मी तिला कधीच सांगणार नाही.

आणि आपल्याकडे लग्नकार्यात एखादी मावशी तोंडावर "किती काळवंडलीस गं!" म्हणते, तो भास नसतो. तो बोल खरा आणि दुखणाराही. फक्त मावशीच्या एका वाक्यावरून मांडवातल्या सगळ्यांचं मत ठरवू नका.

काहींच्या बाबतीत हे उपाय पुरत नाहीत. इतरांना न दिसणाऱ्या किंवा जेमतेम दिसणाऱ्या दोषावर रोज तासन् तास जात असतील, आरसा पुन्हा पुन्हा बघावा लागत असेल, कॉलेज किंवा नोकरी बुडत असेल, तर तो 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' असू शकतो. असे बरेच जण आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे जातात आणि तिथल्या उपचारांनी सहसा समाधान होत नाही. दाखवायचं ते मानसोपचारतज्ज्ञाला. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या थेरपीनं आणि काही औषधांनी यात फरक पडतो.