शाळेचा वार्षिक अहवाल लिहिताय? या चुका टाळा

आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, पट 38. शाळा व्यवस्थापन समितीपुढे मी अहवाल वाचत होतो. "वर्षाची सरासरी उपस्थिती 83 टक्के, समाधानकारक." मागे बसलेल्या एक सदस्य बाई म्हणाल्या, "सर, दिवाळी झाल्यावर तं अर्धे पोट्टे वावरात रायते. मंग हे त्र्याऐंशी कुठून आले?"

आकडा खरा होता. हजेरीपटावरूनच काढला होता. तरी बाईंचंच बरोबर होतं.

चूक पहिली: वर्षाची एकच सरासरी

घरी येऊन महिनेवार हिशेब मांडला. जुलै ते सप्टेंबर नव्वदीच्या आसपास, जानेवारीपासून पुढे 85 ते 91. मधे मात्र सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी: ऑक्टोबर 78, नोव्हेंबर 61, डिसेंबर 66. चांगल्या सात महिन्यांनी तीन वाईट महिने झाकून टाकले होते.

पण 61 हा आकडाही अपुराच. नोव्हेंबरात शाळा 16 दिवस भरली. म्हणजे 38 गुणिले 16, एकूण 608 हजेऱ्या व्हायला हव्या होत्या; झाल्या 373. मुलागणिक मोजलं तेव्हा चित्र उलगडलं. 27 मुलं सरासरी 13 दिवस आली होती, आणि उरलेली 11 सरासरी फक्त 2 दिवस. सगळीच मुलं अधूनमधून बुडवत होती असं नव्हतं. 11 मुलांची शाळा महिनाभर जवळपास बंदच होती.

म्हणून अहवालात सरासरीखाली एक ओळ हवीच: कोणत्या महिन्यात किती मुलं निम्म्यापेक्षा कमी दिवस आली. नावं वाचू नका. छोट्या गावात नाव घेतलं की आई-बाप पुढच्या सभेला येत नाहीत.

चूक दुसरी: "पालकांची उदासीनता"

अडचणींच्या रकान्यात हे वाक्य आपण सगळेच वर्षानुवर्षं उतरवत आलोय. मीही. यातून समितीला करण्यासारखं काहीच निघत नाही, कारण समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात.

त्या 11 घरी जाऊन विचारलं. 6 मुलं, त्यात बहुतेक मुली, घरी लहान भावंडांना सांभाळत होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तान्हं पोर कडेवर घेऊन आईला वेचता येत नाही. 3 मुलं आईवडलांबरोबर दुसऱ्या गावी गेली होती. स्वतः कापूस वेचणारी फक्त 2. म्हणजे एकाच गैरहजेरीची तीन कारणं, आणि उपायही तीन. भावंडांसाठी अंगणवाडीची वेळ वाढवता येते का, हे समिती ग्रामपंचायतीला विचारू शकते. गाव सोडणाऱ्या मुलांची यादी केंद्रप्रमुखांकडे दिवाळीआधी पोचायला हवी, नंतर उपयोग नाही. वेचणाऱ्या दोघांच्या घरी मात्र समितीतल्याच कोणी जावं. मास्तर गेला की फक्त हो-हो होते.

चूक तिसरी: सात मुलांची टक्केवारी

"चौथीत गोष्ट वाचणारी मुलं 62 टक्क्यांवरून 71 टक्के." ऐकायला छान. खरं पाहता मागच्या वर्षी 8 पैकी 5, यंदा 7 पैकी 5. वाचणारी मुलं तेवढीच, वर्गातलं एक मूल कमी झालं. शिवाय वर्गही वेगळा.

तेच मूल धरून बघा. यंदाची ही 7 मुलं तिसरीत होती तेव्हा 2 वाचत होती, आता 5 वाचतात. ही खरी कमाई, ती ठासून सांगा. न वाचणारी दोघं त्या 11 मधलीच निघाली, हेही पुढच्याच वाक्यात सांगा. छोट्या वर्गात टक्के नकोतच, सरळ मुलं मोजा.

चूक चौथी: पट घटला, एवढंच लिहिणं

आमचा पट 43 वरून 38 झाला. 8 मुलं चौथी पास होऊन गेली, पहिलीत 6 आली, आणि 3 जणांनी टीसी काढून तालुक्याच्या कॉन्व्हेंटची गाडी धरली. पहिल्या दोन आकड्यांवर कुणाचा इलाज नाही, गावात पोरंच कमी जन्मली. बोलायचं ते त्या तिघांबद्दल.

हे पैशाच्या पानाशीही जोडा. समग्र शिक्षाच्या निकषात पट 30 च्या वर, 100 पर्यंत असेल तर संयुक्त शाळा अनुदान 25 हजार. 30 किंवा त्याखाली गेला की 10 हजार. आम्ही त्या रेषेपासून 8 मुलं दूर आहोत. "अनुदान पूर्ण खर्च झाले" या ओळीऐवजी मिळाले किती, कशावर गेले, शिल्लक किती असं तीन ओळींत लिहिलं आणि खाली हा 8 चा आकडा ठेवला, तेव्हा सभेत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, की पहिलीत यायच्या वयाची पोरं गावात नेमकी किती आहेत?