लॅपटॉप आपोआप टाइप करतोय? आधी BIOS मध्ये बघा

कीबोर्डवर चहा सांडला, पुसला, दोन दिवस सगळं ठीक चाललं आणि मग पासवर्डच्या चौकटीत आपोआप ‘5555’ उमटायला लागलं. अशा वेळी बहुतेकांना व्हायरसची शंका येते. पण व्हायरस असा एकच आकडा बडवत बसत नाही.

कीबोर्डच्या आत पातळ तारांची जाळी असते आणि अनेक कळा एकाच तारेवर असतात. साखरेचा चिकट थर दोन तारा जोडतो, म्हणून ठरावीक दोन-तीन अक्षरंच पुन्हा पुन्हा येतात, किंवा n दाबल्यावर nb उमटतं. त्या कळा एकमेकींच्या शेजारी असतीलच असं नाही. दमट हवेत त्रास वाढला, तर संशय आणखी पक्का.

खात्री करायची तर लॅपटॉप सुरू होतानाच BIOS मध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा (बऱ्याच लॅपटॉपवर F2 किंवा Del) आणि कशालाही हात न लावता थांबा. तिथे विंडोज चालूच नसतं. तरी निवडपट्टी आपोआप सरकली किंवा आकडे उमटले, तर दोष हार्डवेअरचाच. फॉरमॅट मारून पैसे घालवू नका. तिथे काहीच झालं नाही, तरी कीबोर्ड निर्दोष ठरत नाही, कारण BIOS कित्येक अक्षरांना दादच देत नाही.

नुसता बाहेरचा कीबोर्ड जोडून भागत नाही, आतला टाइप करतच राहतो. दुरुस्तीवाल्याकडून आतल्या कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी पट्टी काढून घ्या. त्यानंतर हे भुताटकीचं टायपिंग बंद झालं, तर कीबोर्ड बदला.